वेटोळ्यावरची कडी उडते कशी: घरच्या बांधणीपासून हिशेबापर्यंत

लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे, गाभ्यात ओवून वेटोळ्यावर ठेवलेली अॅल्युमिनियमची कडी. बटण दाबले की कडी उसळून वर जाते. हा प्रयोग अमेरिकन अभियंता एलिहू थॉमसन याच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यावर्ती प्रवाहाचे हे अनपेक्षित ढकलणे त्याने १८८७ साली तिथल्या विद्युत अभियंत्यांपुढे मांडले होते.

त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण दोन ओळींत संपते. वेटोळ्यात प्रवाह आला की कडीतून जाणारा चुंबकीय फ्लक्स बदलतो, कडीत प्रवाह प्रवर्तित होतो, लेन्झच्या नियमाप्रमाणे तो बदलाला विरोध करतो, म्हणून कडी ढकलली जाते. डीसीसाठी हे ठीक आहे. पण प्रयोग बहुतेक वेळा एसीवर करतात आणि तिथे हे उत्तर अर्धेच आहे. एसीत फ्लक्स जितका वेळ वाढतो तितकाच वेळ कमीही होतो. कमी होताना तोच लेन्झचा नियम कडीला खाली ओढायला सांगतो. मग सरासरी शून्य यायला हवी, कडी जागेवरच राहायला हवी. ती उडते याचे कारण कडीच्या स्वतःच्या इंडक्टन्समध्ये, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला अडवण्याच्या तिच्या गुणात आहे. हे नुसते वाचण्यापेक्षा मोजून पाहता येते, म्हणून आधी बांधणी.

साहित्य आणि बांधणी

इंटरनेटवर बरेच जण हे वेटोळे सरळ २३० व्होल्टच्या प्लगला जोडताना दिसतात. तसे करू नका. त्याची गरजही नाही. १२-०-१२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. मधले आणि एक टोक घेतले की १२ व्होल्ट, दोन्ही टोके घेतली की २४ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू बंद खोक्यात ठेवा, खोके धातूचे असेल तर त्याला अर्थिंग द्या.

गाभ्यासाठी भरीव लोखंडी सळई वापरायचा मोह होतो, पण तो टाळा. पन्नास हर्ट्झला भरीव लोखंडात भोवरी प्रवाह फिरतात, सळई तापते आणि फ्लक्स आतपर्यंत पोचतच नाही. त्याऐवजी स्लॅबच्या सळया बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर घ्या. ती मऊ, तापवून थंड केलेल्या पोलादाची असते आणि किलोवर मिळते. एक किलोहून थोडी जास्त लागेल. तार ताणून सरळ करा, २५ सेंटीमीटरचे तुकडे पाडा, त्यांना व्हार्निश लावून वाळवा आणि ३२ मिमी बाहेरील व्यासाच्या पीव्हीसी पाइपमध्ये ठासून भरा. तारा एकमेकींपासून व्हार्निशने वेगळ्या राहिल्या की भोवरी प्रवाह एकेका बारीक तारेत अडकून नगण्य होतात. शेवटचे तुकडे हलक्या हातोडीने आत घालावे लागतात. ते सैल राहिले तर गाभा नंतर जोरात घरघरतो.

पाइपच्या खालच्या १० सेंटीमीटरवर १८ गेजच्या इनॅमल तारेचे ३०० फेरे घाला. एका थरात साधारण ७५ फेरे बसतात, म्हणजे चार थर. दोन थरांमध्ये कागद किंवा मायलरची पट्टी गुंडाळा. सुमारे ४०० ग्रॅम तार लागते आणि तिचा रोध ०.६ ओहमच्या आसपास भरतो. वर उरलेला १५ सेंटीमीटरचा गाभा मोकळा ठेवा, कडीला त्यावरूनच धाव घ्यायची आहे.

कडी कापायला ४० मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडीचा अॅल्युमिनियम पाइप घ्या. आतला व्यास ३४ मिमी येतो, म्हणजे पीव्हीसीभोवती सगळीकडे एक मिमी फट. १० मिमी उंचीची कडी हॅक्सॉने कापून आतली धार कानशीने घासा. खरबरीत धार पाइपवर अडते आणि मग दोष भौतिकशास्त्राला लागतो. कडीचे वजन साडेनऊ ग्रॅमच्या आसपास येईल.

स्विच ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या बाजूला बसवा. तो दाबून धरला तरच चालू राहणारा, निदान १० अँपिअरचा हवा. दारावरच्या घंटीच्या बटणाचे संपर्क इथे चिकटतात. त्याच्याशी सरीत ८ अँपिअरचा फ्यूज घाला. कडी उडते तेव्हा गाभ्याच्या वर डोके नको.

आधी डीसी

एसी लावण्याआधी डीसीवर एक चाचणी करून पाहा, कारण तिथे लेन्झचा नियम एकटाच काम करताना दिसतो. १२ व्होल्टची बॅटरी वेटोळ्याला थेट जोडली तर २० अँपिअरच्या घरात प्रवाह जाईल, म्हणून गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब सरीत लावा. आठ अँपिअरचा फ्यूज तसाच राहू द्या. बल्ब थंड असताना क्षणभर जास्त प्रवाह येतो, त्यामुळे फ्यूज मंद उडणारा असलेला बरा.

बटण दाबताच कडी लहानशी उसळी घेऊन खाली येते आणि बटण दाबलेलेच असले तरी निवांत बसून राहते. वेटोळ्यात प्रवाह आहे, गाभा चुंबक झालेला आहे, पण फ्लक्स बदलत नाही, म्हणून कडीत प्रवाह नाही आणि बलही नाही. उसळी मिळाली ती फक्त फ्लक्स चढत होता त्या शतांश सेकंदात.

आता कडी तीन दोऱ्यांनी एका मऊ रबरबँडला टांगा, गाभ्याभोवती पण वेटोळ्यापासून वर. बटण दाबताना ती वर उचलली जाते. ती स्थिर झाल्यावर बटण सोडा, तर या वेळी ती खाली हिसका खाते. हिसका दाबतानापेक्षा बारीक असतो, पण दिसतो. फ्लक्स उतरत असताना कडीतला प्रवाह उलट दिशेने फिरून त्याला टिकवू पाहतो आणि वेटोळे कडीला ओढून घेते. एसीत हे चढणे आणि उतरणे सेकंदाला शंभर वेळा घडते.

वीस मिलिसेकंदांत काय होते

कडीला वर ढकलते ते गाभ्यातून सरळ वर जाणारे क्षेत्र नव्हे. त्या क्षेत्रामुळे कडीत प्रवाह येतो, पण त्याचे त्या प्रवाहावरचे बल कडीला फक्त आत दाबते किंवा बाहेर ताणते. वर-खाली बल देतो तो गाभ्याच्या बाजूने पसरत बाहेर पडणारा फ्लक्स, म्हणजे आडवा, त्रिज्येच्या दिशेचा घटक. म्हणून गाभा वेटोळ्याबाहेर उंच निघालेला असावा लागतो आणि त्याच्या कडेने फ्लक्स गळत राहावा लागतो.

पन्नास हर्ट्झच्या एका फेरीला २० मिलिसेकंद लागतात. पहिल्या ५ मिलिसेकंदांत फ्लक्स शून्यापासून कमालीला जातो, पुढच्या ५ मध्ये परत शून्यावर येतो, मग हेच उलट दिशेने. कडीत निर्माण होणारा विद्युतदाब फ्लक्स सर्वांत वेगाने बदलतो तेव्हा, म्हणजे फ्लक्स शून्यातून जाताना, कमाल असतो. कडी निव्वळ रोध असती तर तिच्यातला प्रवाह या दाबाबरोबरच चालला असता. पहिली ५ मिलिसेकंदे ढकल, पुढची ५ ओढ, दोन्ही अगदी सारखी. कडी फक्त थरथरली असती.

पण कडी म्हणजे एक फेऱ्याचे वेटोळेच आहे आणि तिच्या पोटात लोखंडी गाभा आहे. तिला स्वतःचा इंडक्टन्स आहे, त्यामुळे तिचा प्रवाह दाबाच्या थोडा मागे राहतो. फ्लक्स कमालीला पोचून उतरू लागला तरी कडीतला प्रवाह लगेच उलटत नाही, तो काही काळ आधीच्याच दिशेने वाहतो. तेवढा काळ ढकल चालूच राहते आणि ओढीच्या वाट्याला तेवढा कमी येतो.

आपल्या कडीसाठी आकडे घालून पाहू. परीघ सुमारे ११६ मिमी, छेद ३० चौरस मिमी, यावरून रोध येतो ०.१ मिलिओहम. याच मापाच्या कडीचा हवेतला इंडक्टन्स सुमारे ०.०४५ मायक्रोहेन्री निघतो. गाभ्यामुळे तो काही पटींनी वाढतो, चौपट धरू. मग ५० हर्ट्झला इंडक्टन्सचा अडथळा ०.०५६ मिलिओहम, म्हणजे रोधाच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यावरून प्रवाह सुमारे २८ अंश मागे राहतो. २८ अंश म्हणजे १.६ मिलिसेकंद. दर १० मिलिसेकंदांपैकी ६.६ ढकलीला, ३.४ ओढीला. शिवाय ढकलीचा जोरही ओढीपेक्षा मोठा असतो. कडीला वर नेणारे निव्वळ बल या फरकातून येते.

फॉइलची कडी

हे पटत नसेल तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घ्या. तिच्यातून आतला व्यास ३४ आणि बाहेरचा ५४ मिमीची सपाट चकती कात्रीने कापा. ही कडी अखंड आहे, हलकी तर इतकी की वजन जेमतेम ०.०६ ग्रॅम. हलकेपणावरच सगळे अवलंबून असते तर ती छताला लागायला हवी. ती उठत नाही. वेटोळ्यावर पडून फार तर भुणभुणते.

फॉइल साधारण ०.०१५ मिमी जाडीची असते, त्यामुळे तिचा रोध २४ मिलिओहमच्या आसपास, जाड कडीच्या दोनशेहून जास्त पट. इंडक्टन्स मात्र तितपतच राहतो. प्रवाहाचा मागे पडण्याचा कोन ०.२ अंशही भरत नाही. ढकल ५.०१ मिलिसेकंद, ओढ ४.९९. क्षणिक बल कमालीला तिच्या वजनाहून मोठे असते, म्हणूनच ती थरथरते, पण सरासरी बल वजनाच्या शंभराव्या भागाहूनही कमी पडते. मला हा प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग वाटतो. नुसत्या लेन्झच्या नियमावर थांबणाऱ्याला ही चकती उत्तर मागते.

मोजून बल काढणे

आता कडी बाजूला ठेवा. बारीक इनॅमल तारेचे १० फेरे कडीएवढ्याच व्यासाचे, दोन-तीन मिमी उंचीचे करा. हे मापन-वेटोळे गाभ्यात ओवून मल्टीमीटरला जोडा. मीटरवर २ व्होल्ट एसीची किंवा मिलिव्होल्टची पट्टी हवी. ज्या स्वस्त मीटरवर एसीची सर्वांत लहान पट्टी २०० व्होल्टची असते तो इथे निरुपयोगी. मिळालेल्या आकड्याला दहाने भागले की कडीत किती दाब निर्माण होतो ते समजते.

समजा १२ व्होल्ट लावल्यावर कडीच्या जागी मीटरने २५० मिलिव्होल्ट दाखवले. म्हणजे एका फेऱ्याला २५ मिलिव्होल्ट. कडीचा एकूण अडथळा, रोध आणि इंडक्टन्स मिळून, ०.११७ मिलिओहम. प्रवाह आला सुमारे २१३ अँपिअर. साडेनऊ ग्रॅमच्या कडीत दोनशे अँपिअर ऐकून दचकायला होते, पण दाब केवळ २५ मिलिव्होल्ट असल्यामुळे हाताला झटका बसण्याचा प्रश्न नाही. तापण्याचा आहे.

आडवे क्षेत्र मोजायला वेगळे उपकरण लागत नाही. मापन-वेटोळे १० मिमी वर-खाली सरकवून दोन नोंदी घ्या. खालून वर जाताना फ्लक्स जेवढा कमी झाला तेवढा बाजूने बाहेर पडला, दुसरीकडे तो जाऊच शकत नाही. समजा एका फेऱ्यामागे फरक ४ मिलिव्होल्ट आला. त्याला कोनीय वारंवारतेने, म्हणजे ३१४ ने, भागले की फ्लक्समधला फरक १२.७ मायक्रोवेबर. तो १० मिमीत झाला, तेव्हा दर मीटरला ०.००१२७ वेबर. सरासरी बल म्हणजे हा दर, कडीचा प्रवाह आणि मागे पडण्याच्या कोनाची साइन यांचा गुणाकार:

```
F = 0.00127 × 213 × sin 28.5° ≈ 0.13 N
```

हे सुमारे १३ ग्रॅम वजनाएवढे आहे. कडी साडेनऊ ग्रॅमची, म्हणजे ती उचलली जाईल आणि थोड्या उंचीवर तरंगेल. वर जावे तसा फ्लक्सही घटतो आणि बाजूने गळण्याचा दरही बदलतो. जिथे बल वजनाइतके उरते तिथे ती थांबते. २४ व्होल्ट लावले की दोन्ही गोष्टी दुप्पट, बल चौपट, ५२ ग्रॅमच्या घरात. आता ती तरंगत नाही, गाभ्याच्या टोकावरून सुटून जाते. तुमच्या नोंदी वेगळ्या येतील, त्या याच क्रमाने घालाव्यात. सगळ्यात कच्चा आकडा गाभ्यामुळे इंडक्टन्स किती पट झाला हा आहे, त्यामुळे बलाच्या उत्तरात तीस-चाळीस टक्क्यांची चूक चालवून घ्या.

तरंगणारी कडी जरा वेळ पाहा. तिच्यात वरच्या हिशेबाने साडेचार-पाच वॅट उष्णता तयार होते, म्हणजे मिनिटाला तीसेक अंश. अॅल्युमिनियमचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याने वाढतो. प्रवाह घटतो, कोनही घटतो आणि कडी हळूहळू खाली सरकू लागते. उचलताना चिमट्याने उचला. वेटोळेही मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका.

कडी बदलून पाहताना

त्याच मापाची तांब्याची कडी घेतली तर तिचा रोध कमी, त्यामुळे बल जवळपास पावणेदोन पटीहून जास्त मिळते. पण वजन सव्वातीन पट असते, म्हणून ती अॅल्युमिनियमपेक्षा कमी उडते. अॅल्युमिनियमच्या दोन कड्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या आधी एकमेकींना चिकटतात, कारण दोघींतले प्रवाह एकाच दिशेने वाहतात. मिळून त्या एकटीपेक्षा किंचित उंचच जातात: वजन दुप्पट होते, पण रोध निम्मा झाल्याने बल दुपटीहून जास्त वाढते. फॉइलच्या अगदी उलट टोकाचे हे उदाहरण.

प्रयोगशाळांत कडी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून मग उडवतात. उणे १९६ अंशाला शुद्ध अॅल्युमिनियमचा रोध साधारण एक दशांशावर येतो, मिश्रधातूचा तेवढा उतरत नाही. आपल्या कडीचा रोध चौथ्या भागावर आला असे धरले तरी बल साडेतीन पटींहून जास्त होते. प्रवाह वाढतो आणि कोन २८ वरून ६५ अंशांवर जातो. त्यापुढे थंड करून फारसे मिळत नाही, कारण आता प्रवाहाला अडवतो तो इंडक्टन्स. हा भाग घरी करायचा नाही.

उडत नसेल तर

कडी जागची हलली नाही तर आधी तिची अखंडता तपासा. केसाएवढी चीर असली तरी प्रवाह थांबतो. मुद्दाम एक कडी उभी कापून ठेवा: तिच्या चिरेच्या दोन कडांवर मीटर लावला तर दाब मिळतो, पण ती उडत नाही. पत्रा वाकवून टोके नुसती एकमेकांवर दाबलेली कडीही तशीच निकामी, कारण अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर वीज अडवतो.

कडी अखंड असूनही नुसती गुणगुणत असेल, तर वेटोळ्यातला प्रवाह मोजा. १२ व्होल्टला तो ३ अँपिअरच्या आसपास हवा. खूपच जास्त असेल आणि वेटोळे झपाट्याने तापत असेल, तर कुठेतरी इनॅमल खरवडून फेरे एकमेकांना भिडले आहेत. असा बंद झालेला एक फेरा स्वतःच कडीसारखा वागतो आणि फ्लक्स खाऊन टाकतो. प्रवाह ठीक पण मापन-वेटोळ्यावर दाब कमी, असे दिसले तर गाभ्याकडे पाहा. तो सैल भरला असेल किंवा व्हार्निश नीट बसलेले नसेल. दुसऱ्या प्रकारात गाभा दोन-तीन मिनिटांत हाताला चांगलाच गरम लागतो.

कडी वर जाण्याऐवजी गाभ्याला चिकटली तर ती अॅल्युमिनियमची नाही, पोलादाची आहे. भंगारातून आणलेल्या रंग दिलेल्या वॉशरच्या बाबतीत हे होते, म्हणून आधी चुंबक लावून पाहा.

आणि उडी कधी उंच, कधी बुटकी येत असेल तर त्यात बिघाड काही नाही. बटण नेमके एसीच्या फेरीतल्या कोणत्या क्षणी पडते यावर पहिल्या अर्ध्या फेरीतला फ्लक्स ठरतो आणि उडीची सुरुवात त्याच वेळी होते. तुलना करायची असेल तर प्रत्येक कडी आठ-दहा वेळा उडवून सरासरी उंची घ्या, आणि दर खेपेला ती गार होऊ द्या.